नवी कोरी चप्पलही देवळाबाहेरच का राहते?

प्रेक्षकाचा प्रश्न : "चपलेला घाण लागलेली असते म्हणून ती देवळाबाहेर काढतात, असे लहानपणापासून ऐकत आलो. मग दुकानातून आणलेली नवी कोरी चप्पल घालून गाभाऱ्यापर्यंत गेलो तर काय बिघडले? आणि माझ्या वडिलांना मधुमेहामुळे तळपायाची जाणीव राहिलेली नाही, डॉक्टरांनी अनवाणी चालू नका असे बजावले आहे. त्यांनी देवदर्शन सोडून द्यायचे का?"

नमस्कार. नवी चप्पलही चालत नाही, आणि वडिलांनी दर्शन सोडण्याचे कारण नाही. ही दोन्ही उत्तरे एकाच मुळातून निघतात, म्हणून आधी त्या मुळापाशी जाऊ आणि मग वडिलांसाठी प्रत्यक्ष काय करायचे ते सविस्तर पाहू.

वैष्णव उपासनेच्या ग्रंथांत सेवापराधांची एक यादी आहे. देवाच्या सेवेत घडणारे बत्तीस अपराध तिच्यात सांगितले आहेत, आणि तिची सुरुवातच अशी होते : "यानैर्वा पादुकैर्वापि गमनं भगवद्गृहे". वाहनात बसून किंवा पादुका घालून भगवंताच्या घरात जाणे हा तो अपराध. या एका ओळीत आपल्या शंकेचे अर्धे उत्तर आहे. पालखीत बसून आत आलेल्या माणसाच्या पायाला धूळ लागलेली नसते. किंबहुना घाण हेच कारण असते तर पालखीतला माणूस सर्वांत शुद्ध ठरायला हवा होता. तरीही ग्रंथकाराने पालखी आणि पादुका यांना एकाच ओळीत, एकाच अपराधात बसवले, कारण त्याच्या दृष्टीने दोन्ही गोष्टी एकच काम करतात : त्या माणसाला जमिनीपासून वर उचलतात. शिवाय त्या काळची पादुका म्हणजे बहुधा लाकडाची खडाव. म्हणजे चामड्याचा विटाळ हे कारणही येथे लागू पडत नाही.

जमिनीपासून वर उचलणे म्हणजे काय, हे शतपथ ब्राह्मणातल्या राजसूय यज्ञाच्या वर्णनात फार स्पष्ट दिसते. अभिषेक झालेला राजा त्या विधीत वराहाच्या कातड्याचे जोडे, ज्यांना तेथे उपानह म्हटले आहे, पायात घालतो. पुढे असा नियम येतो की राजसूय केलेल्या राजाने हयातभर उघड्या पायांनी भूमीवर उभे राहू नये. आसंदीवरून, म्हणजे राजासनावरून, उतरला की पाय जोड्यात, आणि जोड्यातून वाहनात. आसन, जोडा आणि वाहन अशी ती सलग साखळी आहे. यज्ञासारख्या अतिपवित्र कर्मात जोडा घालण्याचाच विधी आहे, यावरून जोडा ही वस्तू मुळातच अमंगल मानली गेली होती, असे म्हणता येत नाही. जोडा हे अधिकाराचे चिन्ह होते. ज्याचे घर, ज्याची सत्ता, त्याच्या पायात जोडा शोभतो. देवळात सत्ता कोणाची हे एकदा ठरले, की चप्पल कोणी काढायची हे वेगळे सांगावे लागत नाही.

याचा पडताळा खुद्द गाभाऱ्यातच मिळतो. वराहमिहिराने ६ व्या शतकात लिहिलेल्या बृहत्संहितेत सूर्यमूर्तीची लक्षणे दिली आहेत. तिला उत्तरेकडचा वेश असावा आणि पायापासून छातीपर्यंत अंग झाकलेले असावे, असे तो सांगतो. म्हणूनच उत्तर भारतातल्या अनेक जुन्या सूर्यमूर्तींच्या पायांत गुडघ्यापर्यंत पोहोचणारे बूट कोरलेले असतात. कोणार्कच्या १३ व्या शतकातल्या मंदिरावरील सूर्यमूर्तीही बूट घातलेल्याच आहेत. पूजा घेणारा देव बुटात उभा आणि पूजा करणारा अनवाणी, हे दृश्य ज्याने एकदा नीट पाहिले, त्याला पुढचा युक्तिवाद ऐकण्याची फारशी गरज उरत नाही. भरताने नंदिग्रामात राज्याच्या जागी रामाच्या पादुका ठेवल्या, आणि आपल्याकडे पालखीतून संतांच्या पादुका निघतात, त्यामागेही हीच भावना आहे. पादुका वंद्य आहेत, फक्त त्या ज्याला वंदन करायचे त्याच्या असल्या पाहिजेत.

आता थोडे आणखी मागे जाऊ, कारण हा नियम देवळांपेक्षा जुना आहे. गौतम धर्मसूत्र हे उपलब्ध धर्मसूत्रांपैकी अत्यंत प्राचीन मानले जाते. पायात जोडे असताना चार गोष्टी करू नयेत, असे त्यात सांगितले आहे : भोजन, आसनावर बसणे, वडीलधाऱ्यांना अभिवादन आणि देवाला नमस्कार. आपस्तंब धर्मसूत्रात अभिवादनाबद्दल सांगताना जोड्यांच्या जोडीला आणखी दोन गोष्टी वर्ज्य केल्या आहेत : डोके गुंडाळलेले असणे आणि हात कशात तरी गुंतलेले असणे. पाय झाकलेले, डोके झाकलेले, हात भरलेले. या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्या की सूत्रकाराच्या मनातली कल्पना कळते. नमस्कार करणाऱ्याचे सगळे शरीर त्या कृतीसाठी मोकळे असले पाहिजे, असा तो आग्रह आहे. त्या काळी देवळे आजच्यासारखी नव्हती. नियम होता तो नमस्काराचा, आणि पुढे जेथे नमस्कार करायचा त्या वास्तूला तो लागू झाला.

साष्टांग नमस्काराचा श्लोक पुष्कळांना पाठ असतो, पण त्यातल्या एका शब्दाकडे लक्ष जात नाही. छाती, मस्तक, दृष्टी, मन, वाणी, पाय, हात आणि गुडघे ही ती आठ अंगे, आणि श्लोकात "पद्भ्यां" हा शब्द स्पष्ट आहे. लोटांगण घातलेल्या माणसाच्या पायाकडून पाहिले तर दोन्ही पायांचे अंगठे आणि बोटांची टोके फरशीला टेकलेली दिसतात. पायाचा नमस्कार तो एवढाच. पायात चप्पल असेल तर जमिनीला टेकतो तो चपलेचा पुढचा भाग, आणि आठातले एक अंग नमस्काराबाहेर राहते. चप्पल जुनी की नवी, रबराची की कापडाची, याने येथे काहीच फरक पडत नाही. नवी कोरी चप्पल का चालत नाही, याचे उत्तर मला विचाराल तर ते या अंगठ्यांपाशी आहे.

मग घाणीचे काय? ते कारण खोटे नाही, पण ते दुय्यम आहे, आणि गंमत म्हणजे ते जेथे खरोखर लागू होते तेथेच आपण ते विसरतो. मी पौरोहित्य करू लागल्याला तीस वर्षे होऊन गेली आणि दर उत्सवात एक गोष्ट पाहतो. आई पायरीशी वाकून लेकराच्या बुटाचे बंद सोडते, बुटाच्या तळाला धरून तो ओढून काढते, दोन्ही बूट उचलून कडेला ठेवते, पदर सावरते आणि थेट आत येते. पुढच्या दोन मिनिटांत त्याच उजव्या हाताच्या ओंजळीत मी तीर्थ घालतो आणि ती ते आधी लेकराच्या तोंडाला लावते. चप्पल बाहेर राहिली, पण चपलेचा तळ हाताबरोबर आत आला आणि तीर्थातून पोटात गेला. शौचाच्या दृष्टीने हा दोष चप्पल घालून सभामंडपात उभे राहण्यापेक्षा मोठा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून क्रम असा ठेवावा. आधी पादत्राणे काढून जागेवर ठेवावीत, मग हात धुवावेत, आणि त्यानंतर पाय. पाय धुताना नुसते घोट्यावर पाणी सोडून भागत नाही. टाचेची मागची बाजू आणि बोटांमधल्या बेचक्या यांतच धूळ अडकून राहते, त्यामुळे एका पायाने दुसरा पाय चोळण्यापेक्षा शक्य असेल तर वाकून हातानेच पाय धुवावा, आणि तसे केल्यास शेवटी पुन्हा एकदा हात धुवावेत. पाय टिपून मगच आत जावे. ओल्या पायांनी गुळगुळीत दगडावर घसरून पडणारी माणसे मी पाहिली आहेत, त्यात वृद्ध जास्त. षोडशोपचार पूजेत आवाहन आणि आसन झाले की लगेच पाद्य येते, म्हणजे घरी आलेल्या देवाचे पाय धुण्यासाठी पाणी. घरच्या पूजेत देव पाहुणा असतो, देवळात आपण पाहुणे असतो. पाहुण्याने पाय धुऊन आत यावे, ही जुनीच रीत आहे.

मोज्यांबद्दल नेहमी विचारले जाते. दिवसभर बुटात घातलेले मोजे बुटाचाच भाग समजावेत आणि बुटाबरोबर काढावेत. धुतलेले, बुटात न घातलेले मोजे हे वस्त्र आहे. थंडीत किंवा आजारपणात ते घालून दर्शन घ्यायला शास्त्राचा अडथळा मला दिसत नाही, मात्र एखाद्या मंदिराचा स्वतःचा नियम असेल तर तो पाळावा.

दोन प्रचलित स्पष्टीकरणांबद्दल थोडक्यात बोलणे भाग आहे. पहिले चामड्याचे. मृत प्राण्याचे कातडे अशुद्ध म्हणून जोडे वर्ज्य, असे सांगतात. कातड्याच्या स्पर्शाचे विचार धर्मशास्त्रात आहेत हे खरे, आणि काही मंदिरांत चामड्याचा पट्टा किंवा पाकीटही आत नेऊ देत नाहीत. परंतु देवापुढे वाजणाऱ्या मृदंगाला आणि पखवाजाला कातडेच मढवलेले असते, आणि श्रौत यज्ञात हविर्द्रव्याचे धान्य कांडताना उखळाखाली कृष्णाजिन, म्हणजे काळविटाचे कातडे, अंथरावे लागते. तेव्हा केवळ कातडे या कारणाने चपलेचा नियम उभा राहत नाही, आणि आजच्या रबरी चपलेला तर ते कारण लागूच होत नाही.

दुसरे स्पष्टीकरण लहरींचे. मूर्तीखाली तांब्याचे पत्रे पुरलेले असतात, त्यांतून चुंबकीय लहरी निघतात आणि त्या अनवाणी तळव्यांतून शरीरात शिरतात, असे हल्ली मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले जाते. मी ज्या प्रतिष्ठा केल्या आहेत त्यांत मूर्तीखाली काय ठेवतात ते माझ्या हाताने ठेवले आहे. त्या विधीला रत्नन्यास म्हणतात. पीठिकेच्या खळग्यात रत्ने, धातू आणि धान्ये मंत्रपूर्वक ठेवली जातात आणि त्यांचा संबंध दिशांच्या देवतांशी जोडलेला असतो. तळव्यांतून काही आत शिरावे असा उद्देश त्या विधीत कोठेही सांगितलेला नाही. श्रद्धेला विज्ञानाचा उसना अंगरखा चढवला की तो कधीतरी फाटतो, आणि मग मुलांचा मूळ आचारावरचाही विश्वास उडतो. याचे मला मनापासून वाईट वाटते, म्हणून हे स्पष्ट बोललो.

आता, चप्पल नेमकी कोठे काढायची? पडद्यावर जो दगडी उंबरठा दिसतो आहे, त्याला शिल्पशास्त्रात उदुंबर म्हणतात. त्याच्या पुढ्यात जमिनीलगत जी अर्धगोल कोरीव पायरी आहे ती चंद्रशिला. पुष्कळांचा समज असा असतो की पावित्र्य या उंबरठ्याच्या आत सुरू होते. परंतु प्रदक्षिणेचा मार्ग गाभाऱ्याभोवतीच नव्हे, तर पुष्कळ ठिकाणी संपूर्ण मंदिराभोवती असतो, आणि प्रदक्षिणा हा पूजेतलाच एक उपचार आहे. त्यामुळे जेथून प्रदक्षिणेचा मार्ग सुरू होतो त्याच्या बाहेर, म्हणजे प्राकार, अर्थात मंदिराभोवतीचे भिंतीने वेढलेले आवार, असेल तर त्याच्या दाराशी, पादत्राणे राहिली पाहिजेत. प्राकार नसेल तर ज्या जोत्यावर मंदिर उभे आहे त्याची पहिली पायरी ही मर्यादा धरावी.

हीच मर्यादा आपल्या वडिलांच्या दृष्टीने सर्वांत अवघड आहे. गाभाऱ्यात सावली असते, अडचण असते ती उघड्या प्राकाराची. याबाबतीत माझ्या हातून एकदा चूक झाली आहे आणि ती सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरे होणार नाही. वैशाखात एका विष्णुमंदिराच्या प्रतिष्ठेत यजमान साठीच्या पुढचे गृहस्थ होते. विष्णूला चार प्रदक्षिणा सांगितल्या आहेत, आणि पूर्णाहुती लांबल्यामुळे त्या ऐन दुपारी आल्या. काळ्या फरसबंदीवर तिन्ही बाजूंना काथ्याच्या चटया होत्या, पश्चिमेची एक बाजू तेवढी उघडी होती. आम्ही सगळे त्या बाजूला भराभर पावले उचलत होतो. यजमान मात्र शांतपणे, संथ चालत होते, आणि मला त्यांच्या श्रद्धेचे कौतुक वाटले. संध्याकाळी घरच्या माणसांना त्यांच्या दोन्ही तळव्यांवर फोड दिसले. त्यांना मधुमेह होता, तळव्यांना काही कळत नव्हते. ज्याला मी निश्चल भक्ती समजलो, ती पायाची गेलेली संवेदना होती. जखमा भरायला फार दिवस लागले. संकल्पाच्या वेळी मी त्यांना गोत्र विचारले, नक्षत्र विचारले, पण प्रकृतीबद्दल विचारले नाही. तेव्हापासून प्रत्येक यजमानाला मी हा प्रश्न आधी विचारतो.

ज्याच्या पायाची जाणीव गेली आहे त्याला चटका, काच, खिळा यांतले काहीच कळत नाही, वेदना नसल्यामुळे तो त्याच पायावर चालत राहतो, आणि मधुमेहात अशी जखम चिघळण्याचा धोका मोठा असतो. डॉक्टरांनी जे बजावले आहे ते याचसाठी, आणि ते शास्त्राच्या विरोधात जात नाही. "आतुरे नियमो नास्ति" हे वचन याज्ञिकांच्या तोंडी नेहमी असते : आजारी माणसाला आचाराचे नियम बांधत नाहीत. शिवाय आपण वर पाहिले की नियमाचे मूळ देवापुढे मोठेपणा न मिरवण्यात आहे. जखम होऊ नये म्हणून घातलेल्या पादत्राणात मोठेपणा मिरवणे नाही, त्यामुळे तो अपराध त्यांना लागत नाही.

प्रत्यक्षात असे करावे. वडिलांसाठी मऊ तळाचे, पाऊल पूर्ण झाकणारे एक कापडी पादत्राण वेगळे ठेवावे. त्याचा तळ पातळ मोज्यासारखा नको, खडा किंवा खिळा आत शिरणार नाही आणि पाय घसरणार नाही इतका तो दणकट हवा. घेण्यापूर्वी ते डॉक्टरांना दाखवावे. हा जोड रस्त्यावर कधीही वापरू नये, पिशवीत घालून न्यावा आणि मंदिराच्या पायरीशी बाहेरची चप्पल काढल्यावर, तेथेच बसवून, तो वडिलांच्या पायात घालावा. घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा नाही ना हे पाहावे. मंदिराच्या व्यवस्थापकांना आधी भेटून किंवा फोन करून प्रकृतीची कल्पना द्यावी, कारण दारावरच्या सेवेकऱ्याला हे माहीत नसते आणि गर्दीत वाद झाला तर वडिलांचे मन खट्टू होते. माझा अनुभव असा की आधी सांगितले तर बहुतेक ठिकाणी सभामंडपापर्यंत जाऊ देतात. गाभाऱ्यात जाण्याचा आग्रह धरू नये, सभामंडपातून दर्शन होते आणि खुर्चीत बसून हात जोडलेला नमस्कारही नमस्कारच असतो.

वेळ सकाळची निवडावी. फरशी किती तापली आहे हे वडिलांना विचारू नये, त्यांना ते सांगताच येणार नाही. आपण स्वतः तळहात फरशीवर काही क्षण टेकवून पाहावे आणि तो टेकवत नसेल तर त्यांना त्या बाजूला नेऊच नये, पायात कापडी जोड असला तरी. अशा वेळी प्रदक्षिणा जागच्या जागी, स्वतःभोवती फिरून करता येते. तोल जात असेल तर तीही करू नये.

एखाद्या मंदिराने कापडी पादत्राणालाही नकार दिला, तर त्यांच्याशी भांडू नये आणि वडिलांना अनवाणीही नेऊ नये. महाद्वारातून शिखरावरच्या कळसाला हात जोडावेत. कळसाचे दर्शन हे देवाचेच दर्शन मानले आहे आणि परंपरेने ते कधीही उणे धरलेले नाही. तीर्थ आणि प्रसाद त्यांच्यासाठी आपण बाहेर आणून द्यावा, आणायला जाताना हात धुतलेले असावेत. घरी परत आल्यावर, थकवा आला म्हणून त्यांना लगेच झोपू न देता, उजेडात बसवून दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या नीट पाहाव्यात. लाली, फोड किंवा ओरखडा दिसला तर घरगुती लेप न लावता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.